एक परमेश्वर आणि ८१ कोटी देवता : वर्गीकरणाच्या एका तक्त्याचं प्रकरण

मोर्शी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात बी.ए. पहिल्या वर्षाला मी धर्मांचा तुलनात्मक परिचय शिकवतो. वर्गात पंचवीस-तीस मुलं असतात. बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, संत्र्याच्या नाहीतर कपाशीच्या घरातली. पहिल्या सत्रात एकेश्वरवाद, अनेकेश्वरवाद आणि निरीश्वरवाद या तीन कल्पना शिकवायच्या असतात, म्हणून ड्रॉइंग शीटवर मी एक तक्ता करून घेतला होता. वरती एकच प्रश्न : 'किती देव मानतात?' खाली तीन रकाने : 'एक', 'अनेक', 'एकही नाही'. पहिल्यात इस्लाम, यहुदी आणि ख्रिस्ती धर्म, दुसऱ्यात प्राचीन ग्रीक व रोमन धर्म आणि गावोगावची दैवतपूजा, तिसऱ्यात जैन व बौद्ध.

तक्ता शिकवून झाला की मुलांनी आपल्या घरची किंवा गावातली एक परंपरा निवडायची, ती योग्य रकान्यात टाकायची आणि दोन ओळींत कारण लिहायचं. अंतर्गत मूल्यमापनाचं काम, १० गुणांचं. त्यातल्या एका वहीचं हे प्रकरण आहे. तिच्यामुळे मला तक्त्याचा पायाच बदलावा लागला.

वही रिद्धपूरकडच्या एका मुलीची होती. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात आहे. गोविंदप्रभूंचं ते स्थान. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं तेही तिथेच, १२७८च्या सुमारास. मुलीचं घर महानुभाव, तीन पिढ्यांपासून उपदेश घेतलेलं. तिने पंथ 'एक' या रकान्यात टाकला होता आणि कारण असं लिहिलं होतं : "आमचा परमेश्वर एकच आहे. देवता ८१ कोटी सव्वा लाख १० आहेत, पण आम्ही त्यांची भक्ती करत नाही."

मी लाल पेनाने रकाना खोडला आणि 'अनेकेश्वरवाद' लिहिलं. शेजारी शेरा दिला : 'कारण आणि रकाना यांचा मेळ नाही.' ८१ कोटींचा आकडा तिने स्वतःच्या हाताने लिहिलाय, मग 'एक' कसं? त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंही नाही. तिला निम्मे गुण मिळाले.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "सर, देवता म्हणजे देव नाही," एवढंच म्हणाली. मला वाटलं, शब्दांचा खेळ करते आहे. पण शब्दांचा खेळ करणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणून तिला बसवलं आणि घरात काय शिकवतात ते पहिल्यापासून सांगायला सांगितलं.

तिने जे सांगितलं ते महानुभाव तत्त्वज्ञानाचं पहिलं पाऊल आहे, आणि मला ते पुस्तकातून माहीत होतं. तक्ता करताना मात्र ते मी बाजूला ठेवलं होतं. पंथाच्या मते चार पदार्थ आहेत : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही वेगळे, चारही अनादी. एक दुसऱ्यातून निघालेला नाही आणि एक दुसऱ्यात विरत नाही. प्रपंच जड आहे. उरलेल्या तिघांची ओळख बंधनावरून होते. जीव बद्धमुक्त आहे, म्हणजे आज बांधलेला आहे पण सुटू शकतो. देवता नित्यबद्ध, म्हणजे कायम बांधलेल्या, कधीच न सुटणाऱ्या. परमेश्वर नित्यमुक्त, कधीच न बांधला गेलेला.

८१ कोटी सव्वा लाख १० या देवता पंथात एकावर एक अशा पायऱ्यांनी लावलेल्या आहेत. सगळ्यात वर माया, खाली उतरत जाऊन आपल्या भोवतीच्या लहानसहान देवता. ब्रह्मा, विष्णू, महेश यांचीही जागा याच उतरंडीत आहे. त्यांची उपासना केली तर फळ मिळतं, पण मोजकं : स्वर्ग, ऐश्वर्य, सिद्धी, आणि ते भोगून संपलं की पुन्हा फेरा. मोक्ष देण्याची सत्ता फक्त परमेश्वराची. श्रीकृष्ण हा विष्णूचा अवतार नाही, तो त्या परमेश्वराचा अवतार. दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हेही त्याचेच. पंचकृष्ण म्हणतात ते हे पाच.

इथे पुढच्या शिक्षकाने सावध राहावं. 'पंचकृष्ण' ऐकून पाच देव मोजणारी मुलं मला नंतर भेटली आहेत. पाच अवतार, परमेश्वर एक. आणि ८१ कोटींच्या आकड्यात यांतला एकही नाही.

मुलगी गेल्यावर मी तिची बाजू माझ्याच तक्त्याच्या भाषेत मांडून पाहिली. इस्लाममध्ये फरिश्ते आहेत, जिब्रील आहे, जिन्न आहेत. ख्रिस्ती परंपरेत देवदूत आहेत. माणसाहून सामर्थ्यवान, अदृश्य असे हे सगळे असूनही तो धर्म 'अनेक'च्या रकान्यात टाकावा असं कोणी म्हणत नाही. कारण फरिश्ता अस्तित्वात आहे, पण तो देव नाही. मग महानुभावांच्या देवतांना फरिश्त्यांच्या जागी बसवायला काय हरकत आहे? मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं. दुसऱ्या रविवारी मी तिच्या गावी गेलो. गुण वाढवून देणारच होतो, पण त्याआधी हे उत्तर घरच्यांना पटतं का ते पाहायचं होतं.

वडील ओसरीवर होते, आजी आत सुपात गहू पाखडत होती. "दंडवत प्रणाम" झाले, चहा झाला. मी फरिश्त्यांची उपमा सांगितली. वडिलांनी मान डोलावली. आजी आतूनच बोलली :

"ते फरिश्ते कोनं केले जी?"

"अल्लाने निर्माण केले, असं ते मानतात."

"मंग नाई जमत. आमच्या देवता कोनं केल्या नाईत. त्या पहिल्यापासून हायेत, परमेश्वर हाय तवापासून."

मी म्हणालो, "मग आजी, परमेश्वराच्या बरोबरीच्या झाल्या ना?"

"बरोबरीच्या कायच्या? त्या सोता बांधलेल्या हायेत. बांधलेला दुसऱ्याले कसा सोडीन?"

माझी उपमा तिथेच अर्धी गळाली, आणि ते बरं झालं. इस्लाममधलं ईश्वराचं एकत्व दोन गोष्टींवर उभं आहे : त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि त्याच्याखेरीज जे काही आहे ते त्याने निर्माण केलेलं आहे. महानुभावांत पहिली गोष्ट ठामपणे आहे, दुसरी नाही. देवता अनादी आहेत, जीवही अनादी आहेत. म्हणजे 'एक' हा शब्द दोन्हीकडे असला तरी त्याचं वजन वेगळ्या ठिकाणी पडतं. एकीकडे ते निर्मात्यावर पडतं, दुसरीकडे सोडवणाऱ्यावर. आजीने गहू पाखडता पाखडता जो प्रश्न विचारला, तो मी वर्गात कधी विचारला नव्हता. देव किती हे मोजण्याआधी देव कशाला म्हणायचं हे ठरवावं लागतं, आणि माझा तक्ता थेट मोजणीला लागला होता.

परत आल्यावर धर्माभ्यासातल्या मधल्या संज्ञा लावून पाहिल्या. एक आणि अनेक यांच्यामध्ये दोन नावं नेहमी येतात.

पहिलं हेनोथीझम. ऋग्वेदाच्या संदर्भात मॅक्स म्युलरने ही संज्ञा रूढ केली. एका सूक्तात इंद्र सर्वश्रेष्ठ, दुसऱ्यात वरुण, तिसऱ्यात अग्नी. ज्याची स्तुती चालू आहे तो त्या वेळेपुरता सर्वांत मोठा. महानुभावांना हे लागू नाही, कारण तिथे श्रेष्ठपण फिरत नाही. परमेश्वराची जागा कोणतीही देवता, कोणत्याही प्रसंगी, क्षणभरही घेत नाही.

दुसरं मोनोलॅट्री, म्हणजे अनेक देवांचं अस्तित्व मान्य करून भक्ती एकाचीच करणं. याचं नेहमीचं उदाहरण प्राचीन इस्राएलचं. दहा आज्ञांपैकी पहिलीत इतर देवांना मानू नकोस असं सांगितलं आहे. दुसरे देव नाहीतच, असं त्या वाक्यात नाही. ते पुढे यशया या ग्रंथात स्पष्ट येतं : मीच परमेश्वर, दुसरा कोणी नाही. अनेक अभ्यासक या दोन वाक्यांमधलं अंतर मोनोलॅट्रीकडून एकेश्वरवादाकडे झालेला प्रवास म्हणून वाचतात. मोनोलॅट्री महानुभावांना बरीच जवळ येते. मी तीन-चार दिवस त्याच नावावर थांबलो होतो. पण एक गोष्ट खटकत राहिली. मोनोलॅट्रीत आपला देव आणि शेजाऱ्याचा देव एकाच जातीचे असतात, तो त्यांचा, हा आमचा. महानुभावांचा परमेश्वर देवतांपैकी सर्वांत मोठी देवता नाही. तो देवतांच्या यादीतच नाही. त्याचा पदार्थच वेगळा. म्हणून मुलीचं 'देवता म्हणजे देव नाही' हे वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि मी त्याला शब्दांचा खेळ समजलो होतो.

मग दोष कुठे होता? 'किती देव मानतात?' या प्रश्नात 'मानणे' हा मराठी शब्दच दुहेरी आहे. 'मी भूत मानतो' म्हणजे भूत असतं असं मला वाटतं. 'आम्ही खंडोबा मानतो' म्हणजे खंडोबाला आम्ही पूजतो. मुलीने दुसऱ्या अर्थाने उत्तर दिलं, मी ते पहिल्या अर्थाने तपासलं. प्रश्न एकच असल्यामुळे दोघांनाही आपली चूक दिसेना.

तक्ता मी मोडला आणि त्याचे तीन प्रश्न केले. अस्तित्व कोणाकोणाचं मानतात? भक्ती किंवा पूजा कोणाची करतात? शेवटची सुटका कोणाच्या हातात आहे? तिन्हींची उत्तरं लिहून झाल्यावरच एकेश्वरवाद किंवा दुसरं नाव लावायचं, आणि ते नाव कोणत्या प्रश्नाच्या आधारे लावलं तेही लिहायचं. आधी नाव लावलं की मुलं उत्तरं त्या नावाला जुळवून घेतात, हे मी बऱ्याच वह्यांत पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात वर्गात फळ्यावर भरलेला तक्ता असा :

| परंपरा | अस्तित्व | भक्ती | सुटका |
|---|---|---|---|
| महानुभाव | परमेश्वर. शिवाय अनादी देवता | फक्त परमेश्वर | फक्त परमेश्वर देतो |
| इस्लाम | अल्ला; शिवाय त्याने निर्मिलेले फरिश्ते, जिन्न | फक्त अल्ला | अल्लाच्या हाती |
| जैन | स्वर्गातले देव, जन्म-मरण असलेले. निर्माता नाही | मुख्यतः तीर्थंकर | कोणी देत नाही, स्वतः मिळवायची |
| पाली त्रिपिटकातला बौद्ध धर्म | ब्रह्मा, शक्र इत्यादी. तेही अनित्य | बुद्ध, धम्म, संघ यांना शरण | कोणी देत नाही, स्वतः मिळवायची |

भरताना सर्वांत जास्त वेळ जैनांच्या ओळीवर गेला. वर्गातल्या काही मुलांनी मुक्तागिरीची मंदिरं पाहिलेली होती. त्यांचा प्रश्न सरळ होता : सर, एवढी मंदिरं, एवढ्या मूर्ती, मग हे निरीश्वर कसे? जुन्या तक्त्यात या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. नव्या तक्त्यात ते मुलांनीच शोधलं. 'भक्ती'च्या रकान्यात तीर्थंकर आहेत, 'सुटका'च्या रकान्यात 'स्वतः' आहे. तीर्थंकराने वाट दाखवली, हात धरून तो पार नेत नाही. स्वर्गातले देव तर आणखी मागे, कारण त्यांना मोक्ष हवा असेल तर आधी माणसाचा जन्म घ्यावा लागतो. यावर रिद्धपूरकडची ती मुलगी म्हणाली, "आमच्या देवतांना तेही नाही." जैन देव आणि महानुभाव देवता, दोघेही माणसाला मुक्ती देत नाहीत. पण एक पुढे कधीतरी सुटू शकतो, दुसरी कधीच नाही. एकाच वाक्यात दोन परंपरांमधला इतका बारीक फरक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने सांगितलेला मी आधी ऐकला नव्हता.

बौद्ध ओळीत मी 'पाली त्रिपिटकातला' असं मुद्दाम लिहिलं. वर्गातली बरीच मुलं बौद्ध आहेत, त्यांच्या घरचा धम्म १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या दीक्षेतून आलेला. २२ प्रतिज्ञांमधली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. त्रिपिटकात मात्र ब्रह्मा सहंपती येऊन बुद्धांना उपदेश करण्याची विनंती करतो. एका मुलाने विचारलं, "मग आमच्या घरची उत्तरं या ओळीत कशी बसतील?" बसत नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे एक, पहिल्या प्रश्नाचं वेगळं. म्हणून नवबौद्ध परंपरेची पाचवी ओळ आखली आणि ती त्या मुलानेच भरली. 'अस्तित्व'च्या खाली त्याने 'देव-देवता नाहीत' असं लिहिलं. एका धर्माला एकच ओळ हवी, हा हट्टही तिथेच सुटला.

एक शब्द मात्र मी तक्त्यातून कायमचा काढला : नास्तिक. जुन्या वह्यांत मुलं निरीश्वर आणि नास्तिक हे एकच समजून लिहायची. भारतीय दर्शनांत नास्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा. मीमांसा वेद सर्वांत कडकपणे मानते, म्हणून आस्तिक आहे, पण जगाचा कर्ता ईश्वर तिला लागत नाही. सांख्याचंही तसंच. वेद मानण्याचा प्रश्न आणि ईश्वर मानण्याचा प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर हा तक्ता दुसऱ्या बाजूने कोसळतो.

तीन प्रश्न झाल्यावर वाटलं की आता बसलं. त्याच तासाला मागच्या बाकावरच्या गोंड मुलाने हात वर केला. त्याची मूळ वही मी बघितली होती. त्याने लिहिलं होतं : 'आम्ही सहा देवाचे.' मी बरोबरची खूण केली होती, रकाना अनेकेश्वरवाद.

तो म्हणाला, "सर, सहा देव म्हणजे सहा देवांची पूजा नाही. सोयरीक पाहताना विचारतात ते आहे."

गोंडांत कुळांचे मोठे गट आहेत : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच संख्येच्या गटातली कुळं आपसांत भाऊ-भाऊ, म्हणून लग्न दुसऱ्या संख्येच्या गटात करायचं. संख्येचा उगम पेनांच्या, म्हणजे देवांच्या कथांत आहे खरा, पण 'तुम्ही किती देवाचे?' या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस आपली श्रद्धा सांगत नसतो, नातं सांगत असतो. मी ते आकडा म्हणून वाचलं आणि थेट रकान्यात टाकलं. ८१ कोटींच्या वेळी जे केलं तेच सहाच्या वेळी केलं होतं. फरक इतकाच की इथे रकाना माझ्या अपेक्षेप्रमाणे आला, म्हणून चूक दिसली नाही. वही तपासणाऱ्याला ही चूक ओळखायची असेल तर एक खूण आहे. कारणाच्या ओळीत नुसता आकडा असेल आणि तो देव काय करतो, काय देतो, कोणाला देतो यातलं काहीच नसेल, तर रकाना बरोबर आला तरी ती वही परत विद्यार्थ्याकडे द्यावी.

त्याला नव्या तक्त्यात ओळ भरायला सांगितली. अस्तित्व : फडापेन, कुळाचे पेन, पूर्वज. भक्ती : यांचीच. तिसऱ्या रकान्यापाशी तो थांबला.

"सर, सुटका कशापासून?"

"जन्ममरणाच्या फेऱ्यातून."

"आमच्यात मेलेल्या माणसाला पूर्वजांत, पेनात मिळवतात. सुटायचं नसतं, मिसळायचं असतं."

तिसरा प्रश्न मी महानुभाव घराच्या ओसरीवर शिकलो होतो, आणि त्याला जैन, बौद्ध, इस्लाम यांची उत्तरं नीट बसली, म्हणून तो सगळीकडे चालेल असं धरून चाललो होतो. तो ज्या परंपरांत सुटका हाच मुख्य विषय आहे त्यांच्यासाठी तयार झालेला प्रश्न आहे. गोंड ओळीत त्याच्यावर ओढूनताणून काही लिहिणं म्हणजे पुन्हा लाल पेन चालवणं झालं असतं. आम्ही तो चौकोन रिकामा ठेवला आणि त्यात एक रेघ मारली.

मुलीच्या वहीतली खोडलेली ओळ मी पुन्हा लिहून दिली : 'एकेश्वरवाद, दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाच्या आधारे, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनेक.' गुण १० पैकी ९. एक गुण कापला तो तिने 'देवता' या शब्दाचा अर्थ कारणात न सांगितल्याबद्दल, आणि तो तिने मान्य केला.

या वर्षीच्या कामात सूचना अशी दिली आहे : तिन्ही प्रश्नांपैकी एखादा आपल्या परंपरेला लागू पडत नसेल तर चौकोनात रेघ मारावी आणि तो का लागू पडत नाही ते दोन ओळींत लिहावं. त्या दोन ओळींना दोन गुण आहेत.